पीएमआयचं सदस्यत्व संपू दिलं तर पीएमपी प्रमाणपत्र जातं का?

नवखा_नियोजक

सदस्यत्व नूतनीकरणाचे मेल गेला महिनाभर येत आहेत. शेवटच्या मेलमध्ये 'तुमचे लाभ बंद होतील' असं ठळक अक्षरांत लिहिलं आहे आणि माझी झोप उडाली आहे. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पीएमपी प्रमाणपत्राची परीक्षा नोव्हेंबर २०२३ मध्ये पास झालो. परीक्षेच्या आधी शुल्कात सवलत मिळावी म्हणून ते प्रमाणपत्र देणाऱ्या पीएमआय या संस्थेचं सदस्यत्व घेतलं आणि त्यानंतर दरवर्षी न चुकता वर्गणी भरली. आता फेब्रुवारी २०२६ अखेर ते संपतंय. कंपनी सदस्यत्वाचा खर्च देत नाही. सध्या घरात दुसरे मोठे खर्च आहेत, त्यामुळे ही वर्गणी खिशातून भरावी का, हा प्रश्न माझ्यासाठी खरोखरचा आहे.

नेमकं विचारायचं ते असं: यंदा वर्गणी भरली नाही तर माझ्या नावापुढचं पीएमपी राहतं की जातं? पुढच्या महिन्यात एका नव्या प्रकल्पासाठी माझा बायोडेटा ग्राहकाकडे जाणार आहे. त्यात खोटं काही जायला नको.

आडवाट

भरून टाका. सदस्यत्व गेलं की प्रमाणपत्रही जातं. माझ्या मेव्हण्याच्या बाबतीत हेच झालं. एक वर्ष वर्गणी राहिली, आणि त्याला व्हिजिटिंग कार्डावरून, ईमेलच्या सहीतून, सगळीकडून पदनाम काढावं लागलं. एवढी कठीण परीक्षा दिली होती त्याने! थोड्या पैशांसाठी ही जोखीम घेऊ नका.

नोंदवही

आडवाट, तुमच्या मेव्हण्यांचं प्रमाणपत्र पीएमपी होतं का? माझा अंदाज आहे की नसावं, आणि इथे उत्तर त्यावरच ठरतं.

आमच्या कंपनीत लोकांच्या व्यावसायिक प्रमाणपत्रांच्या नोंदी मी अनेक वर्षं सांभाळते आहे. हाच प्रश्न दरवर्षी कुणी ना कुणी विचारतं, म्हणून सविस्तर लिहिते.

पीएमपीच्या बाबतीत सदस्यत्व आणि प्रमाणपत्र ही दोन स्वतंत्र खाती आहेत. सदस्यत्व एका वर्षाचं असतं, प्रमाणपत्राचं चक्र तीन वर्षांचं. दोन्हींच्या तारखा वेगळ्या, शुल्क वेगळं, आणि एक संपल्याने दुसरं संपत नाही. कधीही सदस्य न होता पीएमपी झालेले आणि तसेच टिकवून असलेले लोक आहेत. नवखा_नियोजक, तुम्ही फेब्रुवारीत वर्गणी भरली नाहीत तरी १ मार्चला तुम्ही पीएमपीच असाल, आणि नोव्हेंबर २०२६ पर्यंत राहाल. बायोडेट्यात पीएमपी निर्धास्त लिहा. 'पीएमआयचे सदस्य' अशी वेगळी ओळ असेल, तर तेवढी मात्र काढावी लागेल.

गोंधळ होतो तो दोन्ही मेल एकाच संस्थेकडून, एकाच साच्यात येतात म्हणून. मेल उघडल्यावर त्यात कशाची तारीख दिली आहे ते बघा. सदस्यत्वाच्या मेलमध्ये लाभ, मासिकं, सवलती यांचा उल्लेख असतो. प्रमाणपत्राच्या मेलमध्ये पीडीयू, म्हणजे प्रमाणपत्र टिकवायला लागणारे व्यावसायिक विकासाचे तास, आणि चक्राची शेवटची तारीख असते. तुमच्याकडे दोन क्रमांकही आहेत. पीएमआय आयडी तुमच्या खात्याचा असतो आणि सदस्यत्व संपल्यावरही तोच राहतो. पीएमपी क्रमांक प्रमाणपत्राचा असतो.

आडवाट

आत्ताच फोन करून विचारलं. त्याचं गुंतवणूक क्षेत्रातलं सीएफए आहे. पण मला वाटलं सगळीकडे नियम एकच असणार. व्यावसायिक संस्था म्हणजे व्यावसायिक संस्था.

नोंदवही

मग तुमचं त्यांच्यापुरतं अगदी बरोबर आहे. सीएफएची रचनाच वेगळी आहे. तिथे तिन्ही पातळ्या पास झाल्याची गोष्ट कायमची तुमची असते, ती कुणी काढून घेत नाही. पण नावापुढे ती तीन अक्षरं लावण्याचा हक्क चालू सदस्यत्वावर टिकून असतो. त्यांचं सदस्यत्वाचं वर्ष १ जुलै ते ३० जून असं चालतं. दरवर्षी वर्गणी भरायची आणि व्यावसायिक आचरणाचं निवेदनही भरून द्यायचं. या दोन्हींपैकी एक राहिलं तरी पदनाम वापरायचा हक्क थांबतो. पैसे भरून निवेदन द्यायचं विसरलेले लोक मी पाहिले आहेत. आपण सगळं केलंय या समजुतीत ते महिनोन्महिने सही करत राहतात.

तुमच्या मेव्हण्यांना परत परीक्षा द्यावी लागली नसणार.

आडवाट

नाही लागली. वर्गणी भरली, ते निवेदन भरलं, आणि पुन्हा पदनाम लावायला लागला. पण मधल्या काळात एका ग्राहकाने संस्थेच्या यादीत त्याचं नाव शोधलं आणि ते चालू दिसलं नाही, त्याचा मनस्ताप फार झाला.

सायली_प

माझा अनुभव दोघांपेक्षा वेगळा. माझं माहिती सुरक्षेतलं सीआयएसएसपी आहे. तिथे सदस्यत्व घ्यायचं की नाही हा पर्यायच नसतो. प्रमाणपत्र मिळालं की तुम्ही ते देणाऱ्या आयएससीटू या संस्थेचे सदस्य झालातच, आणि दरवर्षी देखभाल शुल्क भरावंच लागतं. ते राहिलं तर प्रमाणपत्र निलंबित होतं. तीन वर्षांत १२० सीपीई, म्हणजे पुढच्या शिक्षणाचे तास, करायचे ते निराळेच. माझे सीपीई भरपूर झाले होते म्हणून मी निवांत होते, आणि शुल्काची तारीख येऊन ठेपली. दोन्ही अटी स्वतंत्रपणे पाळाव्या लागतात. अभ्यासाचे तास जास्त झाले म्हणून पैशांची सूट मिळत नाही, आणि पैसे वेळेवर भरले म्हणून तास माफ होत नाहीत.

म्हणजे तीन संस्था, तीन पद्धती. मग बाहेरच्या माणसाने ओळखायचं कसं?

नोंदवही

सायली, एक खूण मी नेहमी वापरते. संस्थेच्या संकेतस्थळावर प्रमाणपत्राच्या नूतनीकरणाचं शुल्क शोधायचं. तिथे सदस्यांसाठी एक आकडा आणि इतरांसाठी दुसरा असे दोन आकडे दिसले, तर सदस्य नसलेल्यालाही प्रमाणपत्र टिकवता येतं हे तिथेच सिद्ध झालं. पीएमपीचं तसंच आहे: सदस्यांना ६० डॉलर आणि इतरांना १५० डॉलर, असा दर बराच काळ चालत आला आहे. काही देशांत दर वेगळे असतात, म्हणून भरण्याच्या दिवशी आपल्या खात्यात दिसेल तो आकडा खरा. दोनऐवजी एकच वार्षिक आकडा दिसला आणि तो सगळ्या प्रमाणपत्रधारकांना लागू असला, तर तुमच्यासारखी पद्धत. आणि प्रमाणपत्राचं असं शुल्कच दिसलं नाही, फक्त सदस्यत्वाची वर्गणी दिसली, तर सीएफएसारखी शक्यता धरून पुढचं वाचायचं.

वाचायचं ते सदस्यत्वाचं पान नव्हे, प्रमाणपत्राची नियमपुस्तिका. सदस्यत्वाचं पान ते विकण्यासाठी लिहिलेलं असतं. 'लाभ बंद होतील' हे वाक्य तिथलंच. ते खोटं नाही, पण त्या लाभांत प्रमाणपत्र धरलेलं नाही, हे तिथे कुणी लिहीत नाही. मला याचा मनापासून राग येतो. पीएमपी जाईल या भीतीने वर्षानुवर्षं वर्गणी भरणारे लोक मला माहीत आहेत. त्यांना सदस्यत्व हवं असेल तर त्यांनी जरूर घ्यावं, पण भीतीपोटी घेऊ नये.

आणखी एक कारण आहे. व्यक्तींना प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी आयएसओ १७०२४ नावाचं मानक आहे. एखाद्या संघटनेचं सदस्यत्व ही प्रमाणपत्र मिळवण्याची अट असू नये, अशी त्याची अपेक्षा आहे. पीएमपीला त्या मानकाखाली मान्यता आहे. म्हणून तिथे दोन खिडक्या इतक्या स्पष्टपणे वेगळ्या दिसतात.

सायली_प

पण सीआयएसएसपीलाही ती मान्यता आहे. मग आमच्याकडे सदस्यत्व आपोआप कसं?

नोंदवही

चांगला प्रश्न. तुमच्याकडे क्रम उलटा आहे. आधी सदस्य व्हा मग प्रमाणपत्र, असं नाही. प्रमाणपत्र मिळाल्यामुळे सदस्यत्व येतं, आणि वार्षिक शुल्क प्रमाणपत्राच्या देखभालीचं म्हणून घेतलं जातं. परिणाम पैशांच्या दृष्टीने सारखाच वाटतो, हे मान्य. हे मानकाच्या भावनेला धरून आहे की नाही यावर लोक वाद घालतात, आणि तो वाद मी इथे मिटवू शकत नाही.

सायली_प

मला तरी ते पळवाट वाटते. पण असो, शुल्क भरतेच आहे.

उंबरठा

मी पुढच्या तीन महिन्यांत पीएमपीची परीक्षा देणार आहे. मग माझ्यासाठी सदस्यत्व नको ना? वरचं वाचून वाटतंय की पैसे वाया जातात.

नवखा_नियोजक

उंबरठा, तुमचा प्रश्न वेगळा आहे हो. परीक्षेचं शुल्क सदस्यांना कमी असतं. मी सदस्यत्व घेतलं तेव्हा सवलतीतून त्याचा मोठा भाग भरून निघाला होता. शिवाय सदस्यांना पीएमबॉक गाईड या पीएमआयच्या मार्गदर्शक पुस्तकाची पीडीएफ मिळते. दोन्ही शुल्कं शेजारी मांडून बेरीज करा. तुमचा निर्णय परीक्षेआधीचा आहे, माझा परीक्षेनंतरचा.

नोंदवही ताई, खूप हलकं वाटलं. आता मुळातली चिंता गेली, पण नवीन सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये चक्र संपतंय आणि माझे पीडीयू ४१ च झालेत. ६० लागतात ना? त्यातले ३३ शिकण्याचे आणि ८ काम करण्याचे. शिकण्याच्या ३३ पैकी २२ वेज ऑफ वर्किंगचे, ९ पॉवर स्किल्सचे आणि २ बिझनेस अक्युमेनचे. म्हणजे १९ कमी आहेत. सदस्यत्व गेलं तर हे करता येतील का?

नोंदवही

करता येतील. पण १९ हा आकडा एकटा बघू नका, कोणते १९ ते महत्त्वाचं आहे.

तीन वर्षांत एकूण ६०. त्यातले किमान ३५ शिकण्याचे हवेत, आणि त्या ३५ मध्ये तुम्ही लिहिलेल्या तीन गटांना, म्हणजे पीएमआयच्या कौशल्य-त्रिकोणाच्या प्रत्येक बाजूला, किमान ८. उरलेले व्यवसायाला परत देण्याच्या कामांतून घेता येतात, पण जास्तीत जास्त २५, आणि त्यात रोजच्या नोकरीच्या कामाचे ८ च धरतात.

तुमचं चित्र असं दिसतं. बिझनेस अक्युमेन २ आहे, ८ हवेत, म्हणजे ६ तिथेच घ्यायला हवेत. ते झाले की शिकण्याचे ३९ होतात आणि ३५ ची अट आपोआप पुरी होते. एकूण ४७. उरले १३. हे १३ शिकण्याच्या कुठल्याही बाजूचे चालतील. किंवा परत देण्याच्या कामांतून घ्या: शिकवणं, लेख, स्वयंसेवा. फक्त नोकरीचे ८ तुम्ही आधीच पूर्ण वापरलेत, तिथे आणखी मिळणार नाहीत. लोक नेमके इथेच अडकतात. ६० चा आकडा भरतो, पण एका बाजूला ८ नसतात, आणि मग शेवटच्या आठवड्यात विषय शोधत बसावं लागतं.

आता सदस्यत्वाचा इथे संबंध कुठे येतो ते. पीडीयूची नोंद `ccrs.pmi.org` वर होते. तिथे जायला सदस्यत्व लागत नाही, पीएमआयचं खातं पुरतं. सदस्यत्वाने मिळतात ती मोफत वेबिनार, ज्यांचे पीडीयू आपोआप नोंदले जातात. तुम्ही ३३ पैकी बरेच तिथून केले असतील तर त्याची सवय झालेली असणार. ती संपली की दुसरे स्रोत शोधावे लागतील आणि नोंद हाताने करावी लागेल. शक्य आहे, पण त्यात वेळ जातो. म्हणून माझा सल्ला: फेब्रुवारी संपायच्या आत, सदस्यत्व असताना, बिझनेस अक्युमेनचे ६ तास वेबिनारमधून उरकून टाका. एका तासाला एक पीडीयू.

नवखा_नियोजक

बरोबर ओळखलंत, जवळजवळ सगळे वेबिनारचेच आहेत. या दोन शनिवार-रविवारी बसतो.

पैशांचं गणित बरोबर करतोय का ते सांगा. आता वर्गणी भरली तर ती फेब्रुवारी २०२७ पर्यंत चालेल, म्हणजे नोव्हेंबर २०२६ चं नूतनीकरण तिच्यात येईल आणि मी १५० ऐवजी ६० भरेन. वाचले ९०. वर्गणी ९० पेक्षा जास्त आहे. म्हणजे केवळ सवलतीसाठी सदस्यत्व घेतलं तर तोटाच.

नोंदवही

हो, केवळ सवलतीसाठी तोटा. वेबिनार, स्थानिक शाखेची ओळखपाळख, वाचनसाहित्य यांना तुमच्या लेखी वरच्या फरकाइतकी किंमत असेल तर घ्या. शाखेचं सदस्यत्व मुख्य सदस्यत्वाबरोबरच संपतं, ते धरून ठेवा. सवलत मिळते ती पैसे भरण्याच्या दिवशी तुम्ही सदस्य असाल तर. त्यामुळे मन बदललं तर नोव्हेंबरच्या थोडं आधीही सदस्यत्व घेता येईल, मध्ये खंड पडल्याने प्रमाणपत्राला काही होत नाही. फक्त नव्याने घेताना प्रवेश शुल्क वेगळं लागतं का ते बघा.

एक काम मात्र आजच करा. खात्यात स्वयंचलित नूतनीकरण सुरू आहे का ते तपासा. कार्ड जतन केलेलं असेल तर तुम्ही न भरायचं ठरवलं तरी रक्कम कापली जाईल.

नवखा_नियोजक

सुरू होतं! बंद केलं. आभार.

आडवाट

समजा सदस्यत्व नाही, पण प्रमाणपत्राचंच चक्र संपलं आणि पीडीयू अपुरे राहिले, मग?

नोंदवही

ती खरी धोक्याची जागा. चक्र संपेपर्यंत पीडीयू आणि शुल्क दोन्ही झालं नाही तर प्रमाणपत्र एक वर्षासाठी निलंबित होतं. त्या वर्षात स्वतःला पीएमपी म्हणवता येत नाही. सही, बायोडेटा, सगळीकडून काढायचं. त्या वर्षाच्या आत उरलेलं पूर्ण करून शुल्क भरलं तर प्रमाणपत्र परत चालू. वर्षही उलटलं तर संपलं, पुन्हा अर्ज आणि पुन्हा परीक्षा.

निलंबनात एक तोटा चटकन दिसत नाही. पुढच्या चक्राची तारीख सरकत नाही. नवखा_नियोजक यांचं उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०२६ ला राहिलं आणि त्यांनी ऑगस्ट २०२७ मध्ये पूर्ण केलं, तरी पुढचं चक्र नोव्हेंबर २०२९ लाच संपणार. म्हणजे तीन वर्षांचे ६० पीडीयू सव्वादोन वर्षांत करायचे. आणि निलंबनात जे पीडीयू मागची तूट भरायला वापरले ते पुढच्या चक्रात मोजले जात नाहीत. उलट, वेळेत ६० च्या वर गेलात तर चक्राच्या शेवटच्या वर्षात केलेल्यांपैकी २० पर्यंत पुढे नेता येतात. त्यामुळे वेळेवर करणाऱ्याचं पुढचं चक्र हलकं होतं आणि उशीर करणाऱ्याचं जड.

कागद जपा. पीडीयूची पडताळणी काही लोकांची निवडून केली जाते, आणि चक्र संपल्यावरही दीड वर्ष पुरावे ठेवावे असं संस्था सांगते. सदस्यत्व गेल्यावर वेबिनारचं पान उघडत नाही, म्हणून त्यांची प्रमाणपत्रं आताच उतरवून घ्या.

अनुजा_सिस्टर

मी नर्स आहे. माझा विषय थोडा वेगळा, पण शीर्षक वाचून राहवलं नाही. आमच्याकडे परवाना देते ती परिषद, आणि संघटना ही वेगळी. संघटनेची वर्गणी एक वर्ष भरली नाही. सहकाऱ्यांनी सांगितलं की परवाना परिषदेचा आहे, त्याला काही होत नाही. आणि खरंच काही झालं नाही. परवाना चालू, नोकरी चालू.

पण व्यावसायिक दायित्वाचा विमा संघटनेच्या गट पॉलिसीतून होता, तो सदस्यत्वाबरोबर गेला. कुणीही स्वतंत्रपणे कळवलं नाही. पुढे एका रुग्णाच्या नातेवाइकांची तक्रार आली. प्रसंग माझं सदस्यत्व चालू असतानाचा होता, म्हणून मला वाटलं संरक्षण आहे. विमा कंपनीने सांगितलं की पॉलिसी दावा येण्याच्या दिवशी चालू असावी लागते, प्रसंग कधी घडला याने पुरत नाही. तक्रार पुढे मिटली, पण ते दिवस फार वाईट गेले.

म्हणून सांगते, फक्त प्रमाणपत्र राहतं का एवढंच विचारू नका. त्या सदस्यत्वाला आणखी काय टांगलेलं आहे तेही विचारा.

नोंदवही

अनुजा ताई, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत. माझ्या उत्तरात हे यायला हवं होतं. विम्याच्या पॉलिसीत दोन प्रकार असतात. एकात घटना घडली तेव्हा विमा असणं पुरतं, दुसऱ्यात दावा केला जाईल तेव्हाही विमा चालू असावा लागतो. तुमची दुसऱ्या प्रकारची होती. अशा पॉलिसीतून बाहेर पडताना मागच्या कामासाठी वाढीव संरक्षण विकत घेता येतं का, हे सदस्यत्व सोडण्याच्या आधी विचारायचं असतं. नंतर सहसा उशीर झालेला असतो.

सायली_प

डॉक्टर, वकील, नर्स, अभियंते या सगळ्यांसाठी परवाना हा शब्द जिथे येतो तिथे हे वेगळंच होतं ना? तिथे परवाना कायद्याने दिलेला असतो.

नोंदवही

हो. आणि तिथेही एक सूक्ष्म भेद आहे. काही ठिकाणी परवाना देणारी परिषद आणि संघटना वेगळ्या असतात, अनुजा ताईंसारखं. काही व्यवसायांत मात्र संस्था एकच असते, तिच्या नोंदवहीत नाव असणं हाच परवाना, आणि वार्षिक शुल्क न भरल्यास नाव नोंदवहीतून निघतं. तिथे 'सदस्यत्व' आणि 'परवाना' हे एकाच गोष्टीचे दोन शब्द. अशा व्यवसायात नाव निघालेल्या काळात केलेली सही म्हणजे परवान्याशिवाय केलेलं काम ठरू शकतं. पीएमपीच्या उत्तराची नक्कल तिथे करू नका.

उंबरठा

निलंबनाच्या काळात पीएमपी म्हणून सही केलेल्या जुन्या कागदांचं काय होतं? ते रद्द होतात का?

नोंदवही

पीएमपी हा काम करण्याचा परवाना नाही, त्यामुळे प्रकल्पाचे कागद त्याने रद्द होत नाहीत. पण ग्राहकाच्या करारात 'प्रमाणित व्यवस्थापक' अशी अट असेल तर तो करारभंगाचा प्रश्न होईल, आणि त्याचं उत्तर करारच देईल. याशिवाय नीतिनियमांचा प्रश्न उरतो. पीएमआयची आचारसंहिता सदस्यांना लागू आहे तशी प्रमाणपत्रधारकांनाही लागू आहे. सदस्यत्व सोडलं म्हणून तिच्यातून सुटका होत नाही.

आडवाट

माझ्या मेव्हण्याचा अजून एक प्रश्न आहे. तो निवृत्त होणार आहे. वर्गणी थांबवली तर बायोडेट्यात 'सीएफए, २००९ ते २०२६' असं लिहिता येईल का? मागे त्याने खरोखर ते कमावलंय.

सायली_प

तारखा लिहिल्या तर खोटं काहीच नाही, मला चालेल असं वाटतं.

नोंदवही

मी इतक्या ठामपणे हो म्हणणार नाही. नावापुढे तीन अक्षरं लावणं आणि शिक्षण-कार्याच्या नोंदीत 'अमुक वर्षी चार्टर मिळालं' असं वाक्य लिहिणं, यांत फरक आहे. पहिलं नक्कीच नाही. दुसऱ्यात सदस्यत्व आता चालू नाही हे स्पष्ट कळायला हवं. निवृत्तांसाठी वर्गणीचा वेगळा, कमी दर असतो का, हे त्यांनी संस्थेला लेखी विचारावं. पदनाम टिकवायचं असेल तर तोच सरळ मार्ग ठरू शकेल.

नवखा_नियोजक

आजची स्थिती कळवतो. बिझनेस अक्युमेनचे ६ तास पूर्ण, नोंदही झाली. वेबिनारची प्रमाणपत्रं उतरवून ठेवली. बायोडेट्यातली 'पीएमआय सदस्य' ही ओळ काढली, पीएमपी ठेवलं. प्रमाणपत्रांच्या सार्वजनिक यादीत स्वतःचं नाव शोधून पाहिलं, चालू दिसतंय.

एकच गोष्ट अडली आहे. ग्राहकाच्या अर्जात एक रकाना आहे: 'व्यावसायिक सदस्यत्व वैध असल्याची शेवटची तारीख'. प्रमाणपत्राचा रकाना त्याच्या खाली वेगळा आहे. मी पहिल्यात 'लागू नाही' लिहिलं तर अर्ज बाद होईल का, हे विचारायला मनुष्यबळ विभागाला मेल केला आहे. कुणाला असा अर्ज भरण्याचा अनुभव आहे का?

सायली_प

आमच्याकडे असा रकाना होता तेव्हा ग्राहकानेच सांगितलं की त्यांना प्रमाणपत्राची तारीख हवी होती, मसुदा कुणीतरी सरसकट लिहिला होता. पण प्रत्येक ग्राहक तसाच असेल असं नाही. रिकामा मात्र सोडू नका.

नोंदवही

मीही तेच म्हणेन. 'सदस्यत्व नाही, पीएमपी प्रमाणपत्र नोव्हेंबर २०२६ पर्यंत वैध' असं पूर्ण वाक्य लिहा आणि सार्वजनिक यादीतल्या नोंदीची प्रत जोडा. काही निविदांत सदस्यत्वाची अट खरोखर वेगळी घातलेली असते. ती तशी असेल तर वाद न घालता वर्गणी भरावी लागेल, कारण तिथे मागणी पीएमआयची नसून ग्राहकाची आहे. त्यांचं उत्तर आलं की इथे लिहा, पुढच्या माणसाला उपयोगी पडेल.

नवखा_नियोजक

आलं की लिहितो. आज महिनाअखेरीला चार दिवस आहेत, त्यामुळे अट खरी निघाली तरी भरायला वेळ आहे.